मायना नसलेलं पत्र

“ते पुस्तक माझं नाही,” पाहुण्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. माझ्या हातातला कागद अजून खाली आला नव्हता. मी त्यांचा परिचय करून देत होते, समोर दोनशेच्या आसपास माणसं होती, आणि ज्या पुस्तकाचं मी गेली दोन मिनिटं भरभरून कौतुक करत होते ते त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या लेखिकेचं निघालं. “आमची नावं सारखी आहेत, होते लोकांची गल्लत,” असंही त्या म्हणाल्या, मला सांभाळून घेण्यासाठीच. पण तोवर हसू फुटलं होतं. आधी डावीकडून, मग मागून, मग सगळीकडून. सावरून घ्यायला मी एक वाक्य बोलले, उरलेला परिचय कसाबसा संपवला आणि खुर्चीत येऊन बसले. कान तापले होते, तळहात गार पडले होते. पुढचा दीड तास बाई काय बोलल्या त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासला बाहेरून आलेले थेंब एकामागून एक खाली ओघळत होते, ते मात्र लख्ख आठवतात.

रात्री झोप आली नाही. डोळे मिटले की सभागृह उभं राहायचं, आणि त्यात एक गोष्ट विचित्र होती. मला मी दिसत होते. मागच्या रांगेतून कुणीतरी पाहावं तसा माझाच लाल झालेला चेहरा, अर्धवट उघडं तोंड, हातातला थरथरता कागद. तिसऱ्या की चौथ्या वेळी लक्षात आलं, की हे चित्र मी पाहिलेलंच नाही. मी तर व्यासपीठावर होते. माझा चेहरा मला दिसणं शक्यच नव्हतं. लोकांसमोर वावरण्याच्या भीतीवर डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक मांडणी केली. तिच्यात नेमकं हेच वर्णन आहे: भेदरलेलं मन स्वतःला बाहेरून पाहू लागतं, आणि बाहेरून दिसलेलं ते चित्र आतल्या भावनेवरून रंगवलेलं असतं. आपल्याला जितकं ओशाळं वाटतं तितकेच आपण ओशाळे दिसलो असणार, असं मन धरून चालतं. नंतर तेच चित्र रात्रभर पुन्हापुन्हा समोर येतं, आणि दर खेपेला चेहरा आणखी थोडा लाल होतो.

मी उठले आणि दिवा लावला. स्वतःला पत्र लिहिण्याची ही रीत मला आधीपासून ठाऊक होती. कधी करून मात्र पाहिली नव्हती.

पहिल्याच ओळीला अडले. मायना काय घालायचा? थोरांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, ओळखीच्यांना सप्रेम नमस्कार. स्वतःला काय? ‘प्रिय’ लिहवेना, कारण त्या क्षणी मी मला अजिबात प्रिय नव्हते. शेवटी ती जागा मोकळी सोडली आणि खाली लिहायला घेतलं. पहिला मसुदा अर्ध्या पानात संपला. त्यात ‘तुला साधं वाचतासुद्धा येत नाही’, ‘इतकी वर्षं काम करून हेच शिकलीस’, ‘आता पुन्हा कुणी माइक हातात देणार नाही’ अशी वाक्यं होती. ते फाडलं. दुसरा मसुदा बरोब्बर उलटा: ‘काही बिघडलेलं नाही, उद्या कुणाच्या लक्षातही राहणार नाही, तू किती राबतेस, एखादी चूक होणारच, आणि खरं तर नावं सारखी असणं हा काही तुझा दोष नाही.’ हा वाचताना दोन मिनिटं बरं वाटलं. मग घशाशी काहीतरी आलं. शेजारच्यांशी भांडून आलेल्या मुलाला आई काहीही न विचारता पदराआड घेते, तसं ते पत्र होतं. पहिल्यानं मला मारलं होतं, दुसऱ्यानं माझ्यावर पांघरूण घातलं होतं. काय घडलं ते पाहायचं काम दोघांपैकी एकानंही केलं नव्हतं.

मग मी ती रीत नीट आठवली. मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपल्या आयुष्यातला लाजेचा, अपयशाचा किंवा नकाराचा एक प्रसंग आठवायला सांगितला होता. त्यांतल्या एका गटाकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या. असा प्रसंग इतर माणसांवर कसकसा येतो, हे. जवळच्या मित्राला आपण ज्या समजुतीनं आणि काळजीनं बोलू, त्याच सुरात स्वतःसाठी चार ओळी. आणि आपल्याला काय वाटलं ते, तटस्थपणे, भावनेचा भर न घालता. दुसऱ्या एका गटाला आपले चांगले गुण आठवायला आणि यात आपला दोष का नव्हता ते लिहायला लावलं होतं. म्हणजे थेट माझा दुसरा मसुदा. तीन गोष्टी लिहिणाऱ्यांचं मन हलकं झालं, हे अपेक्षितच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: मन हलकं होऊनही त्यांनी आपला वाटा नाकारला नाही. जे घडलं त्यात मीही होतो, हे त्यांना म्हणता आलं.

मी क्रम थोडा बदलला आणि तटस्थपणाचा भाग आधी घेतला. कारण रात्री दोन वाजता मायेनं बोलायला बसलं, की माया कुठे संपते आणि सबब कुठे सुरू होते ते कळत नाही. एक कसोटी ठरवली: सभेत बसलेला कुणीही अनोळखी माणूस ‘हो, असं झालं’ म्हणेल तेवढंच वाक्य ठेवायचं. ‘मी सगळ्यांसमोर मूर्ख ठरले’ हे खोडलं, कारण ते कुणाला दिसलं नव्हतं. ‘लोक हसले’ ठेवलं. किती वेळ? मनात ते हसू संपतच नव्हतं, पण त्या काळात बाईंनी दोन वाक्यं बोलून संपवली होती, म्हणजे दहा-पंधरा सेकंद असेल. ‘बाई दुखावल्या’ खोडलं, ‘बाई हसून म्हणाल्या’ लिहिलं. ‘मी कागद नीट तपासला नव्हता’ ठेवलं. असं एकेक वाक्य उतरत होतं आणि मागच्या रांगेतून दिसणारं ते चित्र खरंच फिकं पडत होतं. त्याच्या जागी मला जे दिसलं होतं ते येऊ लागलं: ग्लास, माइकची जाळी, कागदाची घडी, पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचा चष्मा.

आणि मग ते वाक्य आलं. सावरून घ्यायला मी जे एक वाक्य बोलले म्हणून वर लिहिलं आहे, ते.

‘तू माइकमध्ये म्हणालीस: मला जे लिहून दिलं, तेच मी वाचलं.’

हात थांबला. सभागृहाच्या बाजूच्या दारापाशी आमच्या गटातली सर्वांत नवी मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. परिचय तिनं लिहून दिला होता, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझं वाक्य ऐकताच आमच्यातल्या दोघातिघांनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचं पाहणं मी पाहिलं होतं. शिवाय आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं मला दुरुस्त केलेला कागद पाठवला होता. मला ते ठाऊक होतं. ‘पुस्तकाचा उल्लेख काढला आहे, कृपया हा वाचावा’ एवढी ओळ मी पाहिली होती, कागद उघडला नव्हता, आणि सकाळी जुनाच छापून घेऊन आले होते. पाच तास मी अंथरुणावर तळमळत होते आणि त्या पाच तासांत ही मुलगी एकदाही माझ्या डोळ्यांसमोर आली नव्हती. समोर होता तो फक्त माझा लाल चेहरा.

लाज माणसाला किती एकटं पाडते हे बोललं जातं. ती माणसाला किती स्वतःपुरतं करते, हे मला त्या रात्री कळलं. लाजेत ‘मी कशी आहे’ हाच एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर शोधण्यात सगळी रात्र जाते. ‘मी काय केलं, कुणाला केलं’ हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायला मान वर करावी लागते. स्वतःला झोडपणारा माझा पहिला मसुदा दिसायला कडक होता. पण त्यात या मुलीचा शब्दानंही उल्लेख नव्हता. कडक वाटणारं ते पत्र खरं तर मला स्वस्तात सोडत होतं.

मग ‘हे इतरांवरही येतं’ हा भाग लिहायला घेतला. इथे ‘चुका सगळ्यांच्याच होतात’ लिहून भागत नाही. ते वाक्य इतकं गुळगुळीत आहे की मनावर उमटतच नाही. खरी माणसं आठवावी लागतात. आमचे एक शिक्षक भर वर्गात फळ्यावर गणित चुकले होते, आणि एका मुलीनं दाखवून दिल्यावर डस्टर हातात घेऊन तसेच उभे राहिले होते. एका सहकाऱ्यानं निरोपाच्या भाषणात भलत्याच माणसाचं नाव घेतलं होतं. यांच्याविषयी माझं मत घसरलं होतं का? नव्हतं. सरांच्या बाबतीत तर ते उंचावलंच होतं, कारण ते म्हणाले होते, “बरोबर आहे, इथे चुकलं माझं.” हे आठवून थोडं मोकळं वाटलं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० मधला तो प्रयोगही आठवला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं भलंमोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट चढवून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. शर्ट घालणाऱ्यांना वाटलं की निम्म्या लोकांनी तरी तो ओळखला असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांच्या लक्षात आला होता. माझ्या दोनशेंपैकी बहुतेकांनी घरी जाईपर्यंत ते पुस्तक विसरलेलं असणार, हे मी पत्रात लिहिलं, आणि ते मला पटलं.

पण हा दिलासा बघ्यांपुरताच. दाराशी उभी असलेली मुलगी बघी नव्हती. जिला लागलं ती विसरत नाही, आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तिच्याएवढी असताना एका वरिष्ठांनी भर बैठकीत त्यांची चूक माझ्या नावावर ढकलली होती. “हिनं आकडे दिले,” एवढेच तीन शब्द. ते शब्द, त्या वेळी मी ज्या फरशीकडे बघत राहिले तिच्यावरची तपकिरी रेघ, आणि नंतर जिन्यात आलेलं रडू, सगळं जसंच्या तसं आहे. त्या गृहस्थांना मी कधी माफ केलेलं नाही. आणि आता ‘हे इतरांवरही येतं’ या शीर्षकाखाली मला त्यांचं नाव लिहायचं होतं. दोनशे डोळे आपल्याकडे वळले की माणूस हाताला लागेल त्याला पुढे करतो. त्यांनी केलं, मी केलं. मी खूप वेळ बसून राहिले. आपण साऱ्या माणसांसारखेच आहोत, हे ऐकायला किती उबदार वाटतं. पण ‘साऱ्यां’मध्ये तेही येतात ज्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं जपलेलं असतं. मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांना माफ केलं असं नाही म्हणणार. पण त्या दिवशी त्यांचेही कान तापले असतील, एवढं पहिल्यांदा मनात आलं.

मायेच्या ओळी सर्वांत शेवटी लिहिल्या, आणि त्या थोड्याच झाल्या. जवळची मैत्रीण अशा रात्री घरी आली असती तर मी तिला काय म्हटलं असतं, या विचारानं लिहिल्या. जशा आहेत तशा देते.

‘तू घाबरली होतीस. माणसं हसायला लागल्यावर छातीत जे धस्स झालं ते खरं होतं, आणि तो खोटेपणा तू ठरवून केला नाहीस, ते वाक्य तोंडातून निसटलं. पण निसटलेलं वाक्यही तुझंच आहे. नावाची गल्लत ही चूक होती, त्याबद्दल स्वतःला आणखी बोलू नकोस. तिच्यावर ढकललंस हा अन्याय होता, त्याबद्दल गप्प बसू नकोस. तू वाईट बाई नाहीस म्हणून उद्या तिच्याकडे जा, असं मी म्हणत नाही. तिला लागलं आहे, म्हणून जा. सकाळी, पहिल्यांदा हेच. तिनं तुझी समजूत काढू नये, याची काळजी घे. आता झोप.’

झोप लागली, हे खरं आहे. पण अशा पत्रांची मला थोडी भीतीही वाटते. असं पत्र लिहून झालं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि केलेलं तर काहीच नसतं. शिवाय ते सुधारत बसण्याचा मोह होतो. चौथा मसुदा, पाचवा मसुदा, अधिक सुंदर वाक्यं, आणि नकळत तेच रवंथ नव्या शाईत सुरू. म्हणून मी एक खूण ठरवली आहे: पत्रात पुढच्या काळातलं निदान एक क्रियापद हवं, त्याला दिवस हवा, आणि त्या क्रियेच्या दुसऱ्या टोकाला माझ्याशिवाय कुणीतरी हवं. नसेल तर ते पत्र म्हणजे पदर. आणि कुणाकुणाला स्वतःशी मायेनं बोलायला लागलं की बरं वाटायच्या ऐवजी जीव घाबरतो, आतून कुणीतरी ओरडतं की तुला हे शोभत नाही. करुणेवर आधारलेली उपचारपद्धत मांडणारे पॉल गिल्बर्ट यांनी या भीतीविषयी पुष्कळ लिहिलं आहे. अशांनी मायेच्या ओळींची घाई करू नये, घडलं तेवढंच लिहून थांबावं, असं मला वाटतं. माझी मैत्रीण म्हणते की स्वतःला माफ करायला शिकलेली माणसं सैलावतात. मला तिचं म्हणणं अर्धवट पटायचं. पण ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरीना चेन यांच्या २०१२ मधल्या प्रयोगात उलटंच दिसलं होतं. शब्दांच्या अवघड परीक्षेत सपशेल पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ‘हे सगळ्यांनाच जड जातं, स्वतःवर फार कठोर होऊ नका’ असं सांगितलं गेलं, ते पुढच्या परीक्षेच्या तयारीला जास्त वेळ बसले. ज्यांच्या बुद्धीचं कौतुक केलं गेलं, ते तितका वेळ बसले नाहीत. मला हे आता आतून समजतं. मार बसणार नाही अशी खात्री असली की माणूस चुकीकडे सरळ बघू शकतो. नाहीतर सगळी ताकद मार चुकवण्यातच जाते. मी माइकसमोर तेच केलं होतं.

सकाळी मी तिच्या टेबलापाशी गेले. काय म्हणायचं ते पत्रातूनच घेतलं होतं. “काल मी सभेत तुझ्यावर ढकललं. तू दुरुस्त कागद पाठवला होतास, मी तो उघडला नव्हता. हे मी सगळ्यांना लिहून कळवणार आहे. तुझं नाव त्यात घालू का, ते तू सांग.” आवाज थोडा कापला. माझी रात्र कशी गेली ते सांगायची इतकी अनावर इच्छा झाली, की ओठ दाताखाली धरावा लागला. ती उठून उभी राहिली होती. म्हणाली, “नाही मॅडम, माझंही चुकलंच. पाठवल्यावर मी फोन करून सांगायला हवं होतं.”

किती सहज दिलं तिनं ते मला. घेतलं असतं तर दोघींचीही सुटका झाली असती. ती खुर्चीत बसली असती, मी माझ्या जागेवर गेले असते, आणि दुपारपर्यंत सगळं पूर्वीसारखं झालं असतं. क्षणभर मी ते घेतलंही होतं मनात. मग ती ओळ आठवली, तिनं तुझी समजूत काढू नये. “नाही,” मी म्हटलं, “तुझं काही चुकलं नाही. तू वेळेत पाठवलंस.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “नाव नका घालू.” दुपारी मी सभेला आलेल्या आमच्या सगळ्यांना तीन वाक्यांचं पत्र पाठवलं: परिचयातली चूक माझी होती, मला दुरुस्त मजकूर आदल्या संध्याकाळी मिळालेला होता, ‘मला लिहून दिलं’ हे मी म्हणायला नको होतं. कुणी फारसं उत्तर दिलं नाही. एकानं हसरा चेहरा पाठवला. पुन्हा कान तापले, पण कालच्याइतके नाही.

रात्रीचं ते पत्र अजून माझ्या वहीत आहे. मायन्याची जागा अजून मोकळीच आहे, अधूनमधून पेन तिथे टेकवते आणि उचलते.

महिन्याभरानं दुसरा कार्यक्रम होता. परिचय तिनंच लिहिला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी छापलेला कागद घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. “हा शेवटचा आहे, मॅडम,” म्हणाली आणि तो माझ्यासमोर ठेवला. ठेवून ती गेली नाही. मी तो हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.